सहा आठवडे वजन उतरलं आणि मग अडलं. कॅलरी अजून कमी करू का?

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी. वय ४३, उंची १७२ सेंमी, बैठी नोकरी. एप्रिलच्या शेवटी ८६ किलो होतो. जेवणाची नोंद मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ठेवायला लागलो आणि सहा आठवड्यांत ८१.८ वर आलो. रोज संध्याकाळी मेघदूत बागेत ४० मिनिटं चालतो, एकही दिवस चुकवलेला नाही. पण गेले तीन आठवडे काटा ८१.५ ते ८२.२ च्या मध्येच फिरतोय. अ‍ॅपमध्ये रोजचं सरासरी खाणं १७०० कॅलरी दिसतं. जिममधला ट्रेनर म्हणतो, "सर, आता १४०० वर या." बायको म्हणते, आत्ताच संध्याकाळी चिडचिड करतोस, अजून कमी खाल्लंस तर घरात राहणं अवघड होईल. १४०० वर जावं की नाही? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

राजवाडा_कट्टा
बिलकुल कमी करू नका! कमी खाल्लं की शरीर घाबरतं आणि चरबी धरून ठेवतं, मेटाबॉलिझम बंद पडतो. माझं असंच झालं होतं. उलट पंधरा दिवस पोटभर खा, आपोआप उतरायला लागेल.

सानिका_ग्वाल्हेर
काका, वजनकाटा कुठला वापरता? आमच्याकडचा काटा फरशी बदलली की दीड किलोचा फरक दाखवतो. आणि माझ्या मुलाचं वजन वाढत नाही, त्याच्यासाठी काही सुचवाल का कोणी? आठ वर्षांचा आहे.

सुदामानगरकर
सानिका, काटा एकाच जागी ठेवलेला असतो. दर सोमवारी सकाळी वजन करतो.

मृणाल_आहार
सुदामानगरकर, मी इंदूरमध्येच आहारसल्ल्याचं काम करते, चौदा वर्षं झाली. १४०० चा निर्णय आठवडाभर लांबवा. त्याआधी तीन गोष्टी सांगा.
पोळी कशी नोंदवता? कढईत तेल कोण घालतं आणि तुम्ही ते किती लिहिता? आणि पहिल्या महिन्यात जशी नोंद ठेवत होतात, तशीच आजही ठेवता का?

राजवाडा_कट्टा, तुमचं अर्धं बरोबर आहे. वजन कमी झालं की शरीराचा खर्च कमी होतोच. शरीर लहान झालं, शिवाय कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्ट घेतो. पण चार किलो उतरल्यावर हा फरक साधारण शंभर-दीडशे कॅलरींचा असतो. त्याने उतरण्याचा वेग कमी होईल, तीन आठवडे वजन जागचं हलणार नाही असं होत नाही. आणि कमी खाल्ल्यामुळे चरबी साठते, हे तर होतच नाही.

सानिका, मुलाचं डॉक्टरांना दाखवा. त्याच्या उंची-वजनाचा तक्ता पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

सुदामानगरकर
मृणालताई, प्रश्न ऐकूनच विचारात पडलो. पोळी अ‍ॅपमधली "चपाती, १ नग, ८५" अशी. तेल भाजीला "२ चमचे". स्वयंपाक बायको आणि आई करतात, त्यामुळे तो अंदाजच. पहिल्या महिन्यात छोट्या काट्यावर सगळं मोजत होतो, कणीकसुद्धा. मग पाहुणे आले, ओट्यावर जागा होईना म्हणून काटा माळ्यावर गेला. तेव्हापासून अ‍ॅपमध्ये "कालचं जेवण पुन्हा टाका" हे बटण दाबतो. रोजचं जेवण सारखंच असतं ना.

मृणाल_आहार
मला वाटतं, वजन तिथेच अडलंय. माळ्यावरून काटा काढा.

सात दिवस खाण्यात काहीही बदल करू नका. हे फार महत्त्वाचं आहे, कारण मोजायला लागलं की माणूस आपोआप शहाण्यासारखं जेवतो आणि मग चूक सापडत नाही. शनिवारी रात्री सराफ्यात खायला जात असाल तर जा. फक्त मोजा.

तेलासाठी चमचा विसरा. स्वयंपाकाआधी तेलाची बाटली काट्यावर ठेवा, ग्रॅम लिहा, स्वयंपाक झाल्यावर पुन्हा ठेवा. वजा केलंत की खरा आकडा मिळतो, आणि आईंना त्यांचा हात बदलावा लागत नाही. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. अ‍ॅपमधला चमचा ५ मिलीचा असतो, आपल्या घरातली पळी एका वाकवण्यात त्याच्या तिप्पट सोडते.

घरच्या एकत्र पदार्थासाठी आधी रिकामी कढई तोला. आत जाणारं सगळं कच्चं असताना तोला आणि त्याची बेरीज करा. शिजल्यावर कढईसकट तोला, कढईचं वजन वजा करा. मग तुमच्या ताटलीत आलेले ग्रॅम भागिले एकूण ग्रॅम, तेवढा तुमचा वाटा. कच्च्या धान्याचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतून घ्या, किंवा पाकिटावर मागे छापलेले. "पोहे, १ बोल" अशा नोंदी अ‍ॅपमध्ये कुणीही टाकलेल्या असतात. त्या बोलचा आकार आणि त्यातलं तेल कुणालाच ठाऊक नसतं.

आणि वजन रोज करा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. आठवड्याची सरासरी काढा. रविवारच्या शेवेचं मीठ सोमवारी पाणी धरून बसतं, आणि तुम्ही नेमकं सोमवारीच वजन करता.

अण्णा_रामबाग
मला हे पटत नाही. आमच्या घरी ताटातलं अन्न मोजणं अशुभ मानायचे. वाढणाऱ्याचा हात मोजायचा का आता? दोन घास कमी खा, संध्याकाळी सातला जेवा, बास. माझे वडील ८८ व्या वर्षापर्यंत रामबागेतून राजवाड्यापर्यंत चालत जात. त्यांनी कधी ग्रॅम पाहिले नाहीत.

निशिगंधा
अण्णा, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण त्यांच्या काळात घाण्याचं तेल महिन्याला किती यायचं, हे आजीला बरोबर ठाऊक असायचं. मोजमाप होतंच, फक्त ते बरणीवर होतं.

मला वेगळी काळजी वाटते. कॉलेजात असताना मी दोन वर्षं एकेक बदाम मोजून खात होते आणि शेवटी दवाखान्यात पोचले. ज्यांच्या मनात अन्नाबद्दल असं काही झालेलं आहे, त्यांनी हे मोजणं एकट्याने सुरू करू नये. मृणालताई, तुम्हीही हे लिहायला हवं होतं.

मृणाल_आहार
लिहायलाच हवं होतं, निशिगंधा. अशा व्यक्तीला मी काटा देतच नाही, इतर मार्ग काढते. सुदामानगरकरांनाही सातच दिवस सांगितलेत, जन्मभर नाही.

बडोदेकर_हर्षद
माझी कथा ऐका. आमच्या बडोद्यात सेव-उसळ म्हणजे जीव की प्राण. मी "उसळ, १ वाटी, १५०" लिहायचो. मटारच्या उसळीत एवढंच असणार, असं वाटायचं. एकदा घरी केली तेव्हा बाटली तोलली, आणि वरची तरी म्हणजे जवळजवळ नुसतं तेल आहे हे कळलं. एका बशीवर मूठभर सेव वेगळीच. पाचशेच्या आसपास गेला आकडा. आठवड्यातून चार वेळा खात होतो. माझं वजन दोन महिने अडलेलं होतं, त्याचं उत्तर त्या बशीत होतं.

राजवाडा_कट्टा
तरी माझा प्रश्न उरतोच. सहा आठवडे त्याच अ‍ॅपने, त्याच १७०० वर वजन उतरलं. मग चूक तेव्हा का नव्हती? काका तर तेच करत आहेत.

मृणाल_आहार
चांगला प्रश्न. ते तेच करत नाहीत, अ‍ॅप तेच आकडे दाखवतंय. पहिल्या महिन्यात कणीक मोजली जात होती. सहा आठवड्यांत ४.२ किलो गेले. त्यातला पहिला किलोभर पाणीच असतं असं धरू, राहिले तीन किलो. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे ४२ दिवसांत रोजची तूट ५५० च्या आसपास. त्यांच्या वयाच्या आणि वजनाच्या बैठ्या, पण रोज चालणाऱ्या माणसाचा खर्च २३५० च्या जवळ असतो. म्हणजे तेव्हा ते खरोखर १८०० खात होते आणि १७०० लिहीत होते. एवढी चूक सगळ्यांची होते. ती नंतर किती वाढली, ते काट्यावर कळेल.

आणि यात कुणी खोटं बोलतंय असं नाही. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. "१२०० च्या खाली खाऊनही वजन उतरत नाही" असं सांगणाऱ्यांचा खरा खर्च खास पाणी पाजून मोजला. मेटाबॉलिझम ठीकच निघाला. खाणं मात्र ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. ती प्रामाणिक माणसं होती.

पूनम_विजयनगर
मी थोडी वेगळी बाजू मांडते. मी गेले तीन महिने प्रत्येक गोष्ट तोलते, तेलसुद्धा. १५५० खाते. पाच आठवडे वजन तसंच आहे. सांगितलं की सगळे माझ्याकडे संशयाने बघतात. नोंद बरोबर असूनही अडतं, हे कुणी मान्य करणार आहे का?

मृणाल_आहार
मी करते. कंबर मोजता का? व्यायामात काही बदल झालाय? पाळीच्या आधीचे दिवस मधे येतात का?

पूनम_विजयनगर
पाच आठवड्यांपूर्वीच वजनं उचलायला सुरुवात केली. कंबर नाभीपाशी अडीच सेंमी कमी झाली आहे. थायरॉइडची गोळी चालू आहे, शेवटची तपासणी फेब्रुवारीत झाली होती.

मृणाल_आहार
कंबर कमी होतेय, म्हणजे चरबी जातेय. नवीन व्यायामाने स्नायू पाणी धरतात, ते काट्यावर चरबी जाणं झाकून टाकतं. पाळीच्या आधीचं वजन आधीच्या महिन्याच्या त्याच दिवसाशी ताडून पाहा, मागच्या आठवड्याशी नाही. थायरॉइडचं मात्र डॉक्टरांना विचारा, तपासणीला वेळ झालाय. पण पाच आठवडे म्हणजे माझ्या अपेक्षेपेक्षा थोडे जास्तच आहेत, हेही खरं. इथे बसून मला याचं पूर्ण उत्तर देता येणार नाही.

सुदामानगरकर
(आठ दिवसांनी)
मंडळी, सात दिवस पूर्ण झाले. खाण्यात एक घास बदलला नाही, शपथेवर सांगतो.

रविवारचे पोहे आधी सांगतो, कारण त्या सकाळी स्वयंपाकघरात आम्ही चौघे काट्याभोवती उभे होतो. कोरडे पोहे २५० ग्रॅम, म्हणजे ८७५. शेंगदाणे ५० ग्रॅम, २८५. कांदा दीडशे ग्रॅम, ६०. आईने नेहमीसारखं तेल ओतलं, मी बाटली पुन्हा काट्यावर ठेवली, ५२ ग्रॅम कमी. म्हणजे ४७० कॅलरी नुसतं तेल. आईचा विश्वास बसेना. "मी दोनच पळ्या घातल्या," म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग तिने पळीत तेल भरून काट्यावर धरली. एक पळी २६ ग्रॅम.

एकूण १६९०. शिजलेले पोहे कढई वजा करून ७४० ग्रॅम भरले. माझ्या बशीत २४० ग्रॅम आले, म्हणजे साधारण ५५०. वर इंदुरी शेव, नेहमीची माझी मूठ, ती निघाली २५ ग्रॅम, म्हणजे आणखी १४० च्या जवळ. एका बशीचे ६९०. अ‍ॅपमध्ये मी इतके दिवस लिहीत होतो २७०, आणि शेव तर कधी लिहिलीच नाही. जिलबीबद्दल आज बोलत नाही.

पोळी: आमच्याकडे एका पोळीला ३८ ग्रॅम कणीक लागते, वर अर्धा चमचा तूप. ८५ नाही, दीडशेच्या वर. रोज चार खातो.

गुरुवारी माझा उपवास असतो, तो मी हलका दिवस समजत होतो. साबुदाण्याची खिचडी दोनदा, दाण्याचा लाडू, रताळ्याचा कीस. तो दिवस सोमवारपेक्षा जड निघाला.

सोमवार २०८०, मंगळवार २०१०, बुधवार २१२०, गुरुवार २२४०, शुक्रवार २०५०. शनिवारी सराफ्यात मक्याचा कीस आणि गराडूच्या जागी आलूची टिक्की, अंदाजाने २६१०. रविवार २८९०. सरासरी २२८६. अ‍ॅपच्या जुन्या नोंदीप्रमाणे हाच आठवडा १७०० चा होता. रोज जवळजवळ सहाशेचा फरक.

त्या रात्री मला फार वाईट वाटलं. तीन आठवडे मी सगळ्यांना सांगत होतो की मी मन मारून जेवतोय. मारतही होतो, संध्याकाळचं फरसाण मी खरंच सोडलंय.

बडोदेकर_हर्षद
वाईट वाटून घेऊ नका दादा. बशी तीच असते, आपल्याला दिसत नाही.

मृणाल_आहार
खूप काळजीपूर्वक केलंत. वाईट वाटण्याऐवजी या आकड्याकडे असं बघा: २२८६ खाऊन तुमचं वजन तीन आठवडे स्थिर आहे, म्हणजे हाच तुमचा रोजचा खर्च. कुठलंही सूत्र लावायची गरज उरली नाही, तुमच्याच स्वयंपाकघराने तो काढून दिला.

आता १४०० चं बघा. आधीच्याच पद्धतीने १४०० लिहिले असते, तर खरे दोन हजार पोटात गेले असते. थोडं उतरलं असतं, भूक मात्र पूर्ण लागली असती, आणि ट्रेनरने पुढच्या महिन्यात १२०० सांगितलं असतं. उलट आज काट्यावर मोजून खरे १४०० खाल्लेत तर रोज जवळजवळ नऊशेची तूट. ती तुमच्याने महिनाभरही निभणार नाही, स्नायूही जातील.

खरे १८५० खा. आठवड्याच्या सरासरीने, रोज नाही. वार तुमच्या सोयीने वाटून घ्या.

अण्णा_रामबाग
दोन पळ्यांत ५२ ग्रॅम? मी आज सुनेला विचारून आमची पळी तोलली. २२. मी माझं आधीचं मत मागे घेत नाही, पण पळी तोलली एवढं सांगतो.

सुदामानगरकर
अण्णा, आई तुमच्या बाजूची होती. आता तिनेच तेलासाठी लहान चमचा काढलाय. म्हणते, फोडणी तडतडायला एवढं पुरतं, बाकीचं सवयीचं होतं.

राजवाडा_कट्टा
बाहेरच्या खाण्याचं काय पण? सराफ्यात काटा घेऊन जाणार का? रात्री अकरा वाजता भिया लोक बघत राहतील.

मृणाल_आहार
नाही, बाहेर काटा नको. बाहेरचं जास्तीचं धरा. मक्याच्या किसात तूप आणि दूध दोन्ही असतं, घरच्या अंदाजावर आणखी एक तृतीयांश वाढवून लिहा. तरीही चूक राहील. पण घरची वीस जेवणं बरोबर असली तर बाहेरच्या एकाची चूक आठवड्याला बुडवत नाही. आणि दोन आठवड्यांची वजनाची सरासरी हलली नाही, तर अंदाज कमी पडतोय हे कळतंच.

सानिका_ग्वाल्हेर
मुलाला दाखवलं. जंत निघाले, औषध दिलंय. विषय वेगळा आहे पण सांगावंसं वाटलं.

निशिगंधा
बरं झालं सानिका.

सुदामानगरकर
(महिनाभराने)
कळवायला उशीर झाला, माफ करा. चार आठवडे खरे १८५० धरून खातोय. आधीच्या आठवड्याची वजनाची सरासरी ८१.९ होती. नंतरच्या चार: ८१.४, ८१.१, ८१.२, ८०.३. तिसऱ्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्याला उज्जैनला दोन दिवस होतो. तेव्हा काटा जरा वर गेला, पण मी काहीच बदललं नाही आणि पुढच्या आठवड्यात तो खाली आला. आधीचा मी त्याच सोमवारी १४०० वर गेलो असतो.

पोळ्या तीन केल्या, कणीक ३० ग्रॅमची. रविवारचे पोहे चालू आहेत, तेल २० ग्रॅम चौघांत, शेव १० ग्रॅम. गुरुवारी खिचडी एकदाच, दुपारी ताक आणि राजगिरा. संध्याकाळची चिडचिड अजून आहे, पण बायको म्हणते पूर्वीपेक्षा कमी. रोज सगळं मोजत नाही आता. तेलाची बाटली आणि कणीक एवढंच रोज, बाकीचं महिन्यातून चार दिवस.

मृणालताई, एक शंका. पुन्हा तीन-चार किलो उतरल्यावर १८५० पुरेल का?

मृणाल_आहार
बहुतेक वेग मंदावेल. दोन-तीन आठवडे सरासरी खरंच हलली नाही, तर आधी पुन्हा चार दिवस सगळं मोजा. नोंद बरोबर निघाली तरच शंभर-दीडशे कमी करा, किंवा मेघदूतमधलं चालणं वीस मिनिटांनी वाढवा. तेव्हा इथेच लिहा.

पूनम_विजयनगर
थायरॉइडची तपासणी झाली, गोळीचं प्रमाण बदललंय. वजन ४०० ग्रॅम खाली. गोळीमुळे की स्नायूंचं पाणी गेल्यामुळे, कुणीच सांगू शकत नाहीये. कंबर आणखी एक सेंमी कमी.

अण्णा_रामबाग
सुदामानगरकर, पोह्यांना वीस ग्रॅम तेल पुरतं का खरंच? आमच्याकडे कोरडे होताहेत. सून विचारतेय.

सुदामानगरकर
अण्णा, पोहे भिजवून दहा मिनिटं निथळू द्या आणि कढईवर झाकण ठेवून वाफ आणा. कांदा परततानाच किंचित पाणी शिंपडा. शेवटी लिंबू. आईने दोन रविवार घालवून हे बसवलंय.